नॉन-इन्फिरिऑरिटी ट्रायल: सॅम्पल साइज काढायला बसण्याआधीची तयारी

थिसिस असो की मोठा मल्टिसेंटर ट्रायल, बायोस्टॅटिस्टिशियनकडे जाताना "सर, किती पेशंट लागतील" एवढंच विचारायला जाऊ नका, कारण त्यांचा पहिला उलटा प्रश्न "मार्जिन किती?" हाच असणार आणि त्याचं उत्तर तुमच्याकडेच असायला हवं. उदाहरण टीबीचं घेऊया. नेहमीचा कोर्स 6 महिन्यांचा, तुमच्याकडे नवीन औषध घातलेला 4 महिन्यांचा कोर्स आहे, आणि तो जुन्यापेक्षा "फार वाईट नाही" हे दाखवायचंय. हे "फार" म्हणजे नक्की किती, तेच मार्जिन.

सगळ्यात आधी जुन्या कोर्सचा फेल्युअर रेट शोधा, म्हणजे ट्रीटमेंट फेल, रिलॅप्स, मृत्यू सगळं धरून. तो तुमच्यासारख्याच पेशंटांमधल्या ट्रायल्समधून घ्या, नुसत्या अंदाजाने नको. समजा 10 टक्के आला. आता मार्जिन, आणि इथे घाई अजिबात नको. जुन्या कोर्सचे शेवटचे दोन महिने काढून टाकले आणि बदल्यात काहीच दिलं नाही तर फेल्युअर किती वाढतं, ते जुन्या ट्रायल्समधून काढा, आणि त्यातला सरासरी आकडा न घेता कॉन्फिडन्स इंटरव्हलची खालची, म्हणजे कंजूष बाजू घ्या. मार्जिन त्याहूनही बरंच कमी पाहिजे, बरेचदा निम्मं धरतात, कारण मार्जिन त्या आकड्याएवढं किंवा जास्त ठेवलं तर नवीन औषध नुसतं पाणी असलं तरी तुमचा ट्रायल पास होऊ शकतो! मग हा आकडा पेशंट बघणाऱ्या डॉक्टरांपुढे ठेवा आणि सरळ विचारा, दोन महिने गोळ्या वाचतायत म्हणून शंभरात इतके जास्त फेल्युअर चालतील का. दोन्हींतला जो लहान तो घ्या.

समजा 6 ठरलं (ही सरळ वजाबाकी बरं का, 10 वरून 16 पर्यंत, 10 चे 6 टक्के नव्हे). आता गणित. वन-सायडेड अल्फा 0.025, पॉवर 90 टक्के, दोन्ही कोर्स खरोखर सारखेच आहेत असं धरून:

```
n = (1.96 + 1.282)^2 * (0.10*0.90 + 0.10*0.90) / 0.06^2
```

एका आर्ममध्ये साधारण 526 येतात. आता फक्त मार्जिन 3 करून बघा, 2100 च्या वर जातं, आणि 10 केलं तर जेमतेम 190. मार्जिन खाली स्क्वेअरमध्ये बसलंय, त्यामुळे अर्धं केलं की पेशंट चौपट, आणि नेमका इथेच मोह होतो, बजेट 400 पेशंटचं असतं म्हणून मार्जिन 10 करून टाकतात आणि कारण नंतर शोधतात. एथिक्स कमिटीत किंवा रिव्ह्यूमध्ये हे पकडलं जातं, कारण प्रोटोकॉलमध्ये मार्जिनचं क्लिनिकल कारण कुठेच लिहिलेलं नसतं. पेशंट परवडत नसतील तर अजून सेंटर जोडा, नाहीतर 80 टक्के पॉवरवर या (393 पर-आर्म), पण मार्जिनला हात लावू नका.

अजून एक आकडा लोक विसरतात. दोन्ही कोर्स अगदी सारखे असं आपण धरलं, पण नवीन कोर्स खरोखर 1 टक्क्याने कमी पडत असेल तर खाली 0.06 च्या जागी 0.05 येतं, वर एका आर्मचं 0.10*0.90 बदलून 0.11*0.89 होतं आणि संख्या 526 वरून 790 वर जाते! REMoxTB मध्ये (2014, 1931 पेशंट, मार्जिन 6) मॉक्सिफ्लोक्सासिनचे दोन्ही 4 महिन्यांचे कोर्स मार्जिनच्या बाहेर गेले, म्हणून "सारखेच निघतील" ही आशा गणितात घालताना फेज 2 चा डेटा नीट वाचा.

कंट्रोलचा रेटही दोन-तीन किमती घालून तपासा. 15 टक्के निघाला तर 745 लागतात. 5 निघाला तर 278 पुरतात, पण तो आनंद खोटा आहे, कारण 5 वरून 11 म्हणजे फेल्युअर दुपटीहून जास्त आणि 6 चं मार्जिन आता सैल झालं. मधल्या टप्प्यावर आर्म न उघडता एकूण फेल्युअर रेट बघायची सोय आधीच प्रोटोकॉलमध्ये लिहून ठेवा.

शेवटी लॉस्ट-टु-फॉलोअप. 10 टक्के धरले तर 526 ला 0.9 ने भागा, 585 येतात, दोन आर्मचे 1170. गोळ्या अर्धवट सोडणारे किंवा दुसऱ्या कोर्सवर गेलेले पेशंट दोन्ही आर्म एकमेकांसारखे दिसायला लावतात आणि इथे "सारखे दिसणं" म्हणजेच जिंकणं, म्हणून आयटीटी आणि पर-प्रोटोकॉल दोन्हीत फरकाच्या कॉन्फिडन्स इंटरव्हलची वरची सीमा 6 च्या आत पाहिजे असं आधीच लिहा आणि पर-प्रोटोकॉलमध्ये उरणारे लोकही 526 च्या खाली जाणार नाहीत एवढे पेशंट घ्या.