घरी २० जण येणार, तर प्यायला किती आणि काय करायचं?

कोल्ड्रिंकच्या बाटल्या आणल्या की काम झालं असं वाटतं, पण घरात चार वर्षांच्या पोरापासून पंच्याहत्तरीच्या आजोबांपर्यंत सगळे जमणार असतील तर ते पुरत नाही, कुणाला साखर चालत नाही, कुणाला गॅस होतो, आणि लहान मुलं अर्धा ग्लास पिऊन दुसरा मागतात.

आधी हिशोब करू. साधा नियम असा, की पहिल्या तासात माणशी २ ग्लास आणि मग दर तासाला १, ग्लास २०० मिलीचा धरायचा. समजा कार्यक्रम ३ तासांचा आहे आणि १२ मोठे, ४ ज्येष्ठ, ४ लहान मुलं येणार आहेत. मोठ्यांचे प्रत्येकी ४ म्हणजे ४८ ग्लास, ज्येष्ठांचे ३ धरले तर १२, मुलांना १०० मिलीचे छोटे कप द्यायचे, त्यांचे ४ कप म्हणजे आपले २ ग्लास, एकूण ८. झाले ६८ ग्लास, म्हणजे साधारण १४ लिटर. उकाडा असेल किंवा मुलं बाहेर खेळणार असतील तर २-३ लिटर जास्त धरा, पण ते पाणीच धरा.

आता या १४ मधलं निम्मं, ७ लिटर, साधं पाणी. खरंच एवढं लागतं, जेवताना बहुतेक जण पाणीच मागतात. २ लिटर चहा किंवा कॉफी, म्हणजे साधारण १४ कप. मुलांना ती द्यायची नाही, आणि संध्याकाळचा कार्यक्रम असेल तर झोपेची तक्रार असणाऱ्यांसाठी कॅफीन नसलेलं काहीतरी गरम ठेवा, साधं आल्याचं गरम पाणीसुद्धा चालतं. उरलं ५ लिटर, ते लिंबू सरबत.

सरबतच का, तर त्यात एक सोय आहे जी तयार ज्यूसमध्ये नाही, साखर वेगळी ठेवता येते. बिनसाखरेच्या फळांच्या रसातही फळाची स्वतःची साखर असतेच, त्यामुळे डायबेटिसवाल्यांसाठी 'ज्यूस आहे ना' म्हणून भागत नाही.

तर एक लिटर सरबताला १०० मिली लिंबाचा रस आणि १०० ग्रॅम साखर हे प्रमाण. ४ लिटर गोड आणि १ लिटर बिनसाखरेचं करायचं, म्हणजे रस ५०० मिली लागेल. एक मध्यम लिंबू २५-३० मिली देतं म्हणून १८-२० लिंबं आणा, पण आधी एक पिळून मोजून बघा कारण लिंबाचा काही भरवसा नाही. फार जोर लावून सालीपर्यंत पिळू नका, सरबत कडवट होतं.

साखर थंड पाण्यात ढवळत बसू नका, खाली बसते आणि पहिले ग्लास आंबट, शेवटचे पाकासारखे निघतात. ४०० ग्रॅम साखर ४०० मिली पाण्यात गरम करून विरघळवायची, थंड करायची, की साधारण ६५० मिली पाक मिळतो. त्यात ४०० मिली रस घातला की एक लिटरभर कॉन्सन्ट्रेट तयार. हे आदल्या दिवशी करून फ्रीजमध्ये ठेवता येतं. उरलेला १०० मिली रस वेगळ्या बाटलीत.

वाढताना एक भाग कॉन्सन्ट्रेटला तीन भाग थंड पाणी. ग्लासात बर्फ घालणार असाल तर अडीच भागच घाला, बर्फ विरघळून उरलेली कसर निघते. सगळं एकदम मिसळू नका, दोन लिटरचा जग भरा आणि संपला की पुढचा. चव घेऊन बघा, जगात नाही तर बर्फ घातलेल्या ग्लासात, कारण थंड झालं की गोडी कमी लागते. बिनसाखरेच्या जगात उरलेला रस, लिटरभर पाणी, चिमूटभर मीठ, हवी तर पुदिन्याची पानं, आणि जगावर ठळक चिठ्ठी लावा, नाहीतर दोन्ही सारखेच दिसतात.

बर्फ माणशी पाव किलो, म्हणजे ५ किलो, बाटल्याही बर्फात ठेवायच्या असतील तर दुप्पट. चार वर्षांखालच्या मुलांच्या कपात मात्र खडे टाकू नका, घशात अडकू शकतात, त्यांचं जगातच थंड करून द्या. ज्येष्ठांना तहान कमी जाणवते म्हणून ते मागत नाहीत, त्यांना पाणी नेऊन द्यायचं, पण कुणाला हार्ट किंवा किडनीमुळे पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल तर आग्रह नको. मॉकटेलसाठी ग्रेपफ्रूटचा ज्यूस आणायचा विचार असेल तर सोडा, काही औषधांबरोबर तो चालत नाही आणि कोण काय गोळ्या घेतंय ते कुणी सांगत नाही.

कॉन्सन्ट्रेट उरलं तर फ्रीजमध्ये दोन दिवस ठीक राहतं, मिसळलेलं उरलं तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून टाका.