नऊ फुटी भिंतीसाठी टीव्ही युनिट: आधी वायरी ठरवा, मग प्लाय कापा

उदाहरण आमच्याच हॉलचं. भिंत 9 फूट, समोरचा सोफा 10 फुटांच्या आत, टीव्ही 43 इंची. खाली 6 फूट लांब, 14 इंच खोल आणि 12 इंच उंच पेटी, जमिनीपासून 8 इंच वर टांगलेली, म्हणजे केर-फरशी विनासायास होते. कडेला 18 इंच रुंदीचं एकच उंच कपाट. सामान तिथेच जाऊ दे. टीव्हीच्या वर कपाटं लावू नका, छोटी खोली अंगावर येते.

उंची मोजायला सोफ्यावर बसा आणि डोळ्यांची उंची कुणाला तरी भिंतीवर खूण करायला सांगा. आमची 40 इंच आली. टीव्हीचा मध्य तिथे धरला. टीव्ही सुमारे 22 इंच उंच, म्हणून त्याची खालची कड 29 इंचांवर आली आणि पेटीच्या माथ्यापासून 9 इंच मोकळे राहिले.

आता वायरी. पहिल्या घरात माझं इथेच चुकलं. इलेक्ट्रिशियनने प्लग पॉइंट टीव्हीच्या बरोब्बर मध्यावर दिला आणि नेमका तिथेच ब्रॅकेट आला. तीन पिनांचा प्लग बसेना, शेवटी वायर बाजूने लोंबत राहिली. तुम्ही पॉइंट टीव्हीच्या आडोशातच, पण ब्रॅकेटच्या एका बाजूला घ्या. दुसरा पॉइंट पेटीच्या मागे घ्या, सेट-टॉप बॉक्स आणि वायफाय राउटरसाठी.

एचडीएमआय केबल भिंतीत पुरायचा सल्ला सर्रास मिळतो. ऐकू नका. तिचं टोक वायरिंगच्या अर्ध्या-पाऊण इंची पाइपातून जात नाही, आणि दोन इंची पाइपासाठी चार इंची भिंत फोडली तर ती कमकुवत होते. त्याऐवजी भिंतीवर दोन इंच जाडीच्या उभ्या लाकडी पट्ट्या ठोकून त्यांवर 18 मिमी प्लायचं पॅनल बसवा. मागच्या पोकळीतून सगळ्या वायरी उतरतात. टीव्हीमागे आणि पेटीच्या पाठीला अडीच-अडीच इंचांचं भोक ठेवा. पोकळीत नायलॉनची दोरी सोडून ठेवा, पुढे केबल बदलताना ती ओढायला लागते. पट्ट्यांच्या जागांचा फोटो मापासकट काढा, कारण ब्रॅकेटचे स्क्रू पट्टीतच गेले पाहिजेत. नुसत्या प्लायवर टीव्ही टांगू नका.

पेटीचे दोन-दोन फुटांचे तीन भाग करा. दोन्ही कडांना ड्रॉवर, त्यांना 12 इंची चॅनल पुरतात. मधला भाग उघडाच ठेवा. सुतार हमखास म्हणेल, "शटर लावूया, छान दिसेल." नको म्हणा. बंद शटरआड सेट-टॉप बॉक्स तापतो आणि रिमोटचा सिग्नलही पोचत नाही.

लॅमिनेट चिकटवण्याआधी टीव्ही एकदा टांगून, सगळे प्लग लावून बघा. भोक वाढवायचं असेल तर ते तेव्हाच.