लाकडी चौकटीच्या भिंतीची यू-व्हॅल्यू काढताना या चुका टाळा

इन्सुलेशनच्या पाकिटावरची आर-व्हॅल्यू, म्हणजे उष्णतारोध, उचलायची, उलटी करायची आणि तीच भिंतीची यू-व्हॅल्यू म्हणून अहवालात टाकायची, हा प्रकार अजून सर्रास चालतो. त्यापेक्षा पुढे गेलेले लोक स्टड धरतात, पण चुकीच्या प्रमाणात धरतात. या दुसऱ्या चुकीचा त्रास जास्त, कारण गणित नीट मांडलेलं दिसतं आणि कुणी शंका घेत नाही.

उदाहरणासाठी एकच भिंत घेऊ. आतून १२.५ मिमी जिप्सम बोर्ड (रोध ०.०५), मग १४० मिमी खोल लाकडी स्टड आणि त्यांच्या मधल्या गाळ्यांत खनिज लोकर, बाहेरून ९ मिमी ओएसबी (०.०७), त्यापलीकडे हवा खेळती ठेवलेली पोकळी आणि क्लॅडिंग. लोकरीची वाहकता ०.०३५, म्हणून तिचा रोध ४.००. लाकडाची ०.१३, म्हणून १.०८. पोकळी चांगली हवेशीर असल्याने ती आणि क्लॅडिंग हिशेबात येत नाहीत. त्याबदली बाहेरच्या पृष्ठभागाचा रोध नेहमीच्या ०.०४ ऐवजी आतल्याइतकाच, ०.१३ धरायचा. क्लॅडिंगचा रोधही जोडायचा आणि ०.१३ सुद्धा घ्यायचा, हा दुहेरी लाभ चालत नाही.

म्हणजे लोकरीतून जाणाऱ्या वाटेचा एकूण रोध ४.३८ आणि लाकडातून जाणाऱ्या वाटेचा १.४६.

चूक पहिली : स्टडची जाडी भागिले अंतर

स्टड ३८ मिमीचे, ६०० मिमी अंतरावर. ३८ भागिले ६००, उत्तर ६.३ टक्के, काम संपलं. घाईतल्या माणसाला हा आकडा फार आवडतो. पण भिंतीत नुसते स्टड नसतात.

३.६ मीटर लांब आणि २.४ मीटर उंच पॅनेल घ्या, मध्ये १.२ बाय १.२ मीटरची खिडकी. खिडकी वजा जाता भिंत उरते ७.२० चौरस मीटर. आता समोरून दिसणारं लाकूड मोजा. खाली एक आणि वर दोन आडव्या प्लेटा मिळून ०.४१ चौरस मीटर. पूर्ण उंचीचे सहा स्टड, खिडकीच्या दोन्ही बाजूंचे धरून, ०.५२. लिंटेलला टेकू देणारे दोन आखूड स्टड ०.१६. लिंटेल १४० मिमी उंच, ०.१८. खिडकीखालचा आडवा तुकडा आणि त्याखालचा छोटा स्टड मिळून ०.०८. बेरीज १.३५, म्हणजे जवळपास १९ टक्के. ६.३ च्या तिप्पट!

आणि हे साधं पॅनेल आहे. कोपऱ्यात जोडस्टड आले किंवा आतली भिंत येऊन मिळाली की प्रमाण आणखी चढतं. ब्रिटनच्या प्रथेत लाकडी चौकटीसाठी १५ टक्के धरतात, अमेरिकेत अश्रे ही अभियंत्यांची संस्था १६ इंच अंतराच्या स्टडना, लिंटेल धरून, २५ टक्के देते. दोन्ही आकडे ६.३ पासून किती लांब आहेत ते बघा.

माझी सवय अशी की चौकटीचं एलिव्हेशन हातात आल्याशिवाय अंतिम आकडा द्यायचा नाही. ते मिळेपर्यंत तिथल्या संहितेचा आकडा धरायचा आणि तो गृहीत आहे असं स्पष्ट लिहायचं. स्टडमधल्या अंतरावरून टक्केवारी काढून देणारी तयार एक्सेल शीट मात्र हाताला लागू द्यायची नाही.

चूक दुसरी : रोधांची सरासरी

१९ टक्के लाकूड धरलं. आता ०.८१ गुणिले ४.३८ अधिक ०.१९ गुणिले १.४६ केलं की रोध ३.८३ आणि यू-व्हॅल्यू ०.२६. सुंदर दिसतं, पण साफ चूक. उष्णता दोन वाटांनी शेजारीशेजारी जाते, म्हणून क्षेत्रफळाच्या प्रमाणात बेरीज वाहकत्वाची करायची, रोधांची नाही. हीच पॅरलल पाथ पद्धत :

```
1/R_upper = 0.81/4.38 + 0.19/1.46 = 0.315
R_upper = 3.17
```

यात गृहीत असं की उष्णता सरळ रेषेत बाहेर पडते, आडवी अजिबात सरकत नाही. प्रत्यक्षात ती लोकरीच्या मागून बोर्डातून सरकत सरकत लाकडाकडे येते. त्यामुळे ३.१७ ही रोधाची वरची मर्यादा झाली, थोडी आशावादी. खालच्या मर्यादेसाठी उलटं धरायचं : प्रत्येक थराच्या सीमेवर तापमान सगळीकडे सारखं. मग फक्त मिश्र थराची समांतर बेरीज करायची आणि बाकीचे थर जसेच्या तसे मिळवायचे.

```
1/R_layer = 0.81/4.00 + 0.19/1.08 = 0.378
R_lower = 0.13 + 0.05 + 2.64 + 0.07 + 0.13 = 3.02
R_total = (3.17 + 3.02) / 2 = 3.10
U = 0.32
```

आयएसओ ६९४६ मधली कंबाइन्ड पद्धत ती हीच. नवखे इथे हमखास अडखळतात. खालच्या मर्यादेतही पृष्ठभागांचे आणि बोर्डांचे रोध टक्केवारीच्या आत ढकलतात, मग दोन्ही मर्यादा तंतोतंत सारख्या येतात आणि त्यांना वाटतं गणित जुळलं. जिथे बाकीचे थर शून्य नाहीत, तिथे दोन मर्यादा सारख्या आल्या की समजायचं, एकच गणित दोनदा केलंय.

दुसरी तपासणी त्याहून सोपी. उत्तर निव्वळ लोकरीच्या ०.२३ आणि निव्वळ लाकडाच्या ०.६८ च्या मध्येच पडलं पाहिजे. ही तपासणी रोधांच्या सरासरीची चूक मात्र पकडत नाही. तिचं उत्तरही याच पट्ट्यात बसतं.

चूक तिसरी : स्टीलला तीच पद्धत

लाकडाच्या जागी १.२ मिमी पत्र्याचे स्टड ६०० मिमीवर घ्या. प्रमाण फक्त ०.२ टक्के, म्हणून पॅरलल पाथ बेफिकीर होते : यू ०.२३, जणू स्टड नाहीतच. खालची मर्यादा काढा. स्टीलची वाहकता ५० च्या आसपास, १४० मिमीचा रोध ०.००२८, आणि यू येते ०.७०. त्याच भिंतीची दोन उत्तरं, एकमेकांच्या तिप्पट. कारण पत्र्याच्या फ्लॅंज आजूबाजूच्या बोर्डातून उष्णता गोळा करतात, आणि सरळ रेषेच्या गृहीतकात हे बसत नाही.

आयएसओ ६९४६ मध्ये धातूने छेदलेल्या इन्सुलेशनला ही पद्धत वर्ज्य आहे, आणि वरची मर्यादा खालच्या मर्यादेच्या दीडपटीहून जास्त असेल तरीही. तरी लोक सरासरी काढून ०.३५ लिहितात. स्टीलसाठी अश्रेची झोन पद्धत वापरा किंवा आयएसओ १०२११ प्रमाणे द्विमितीय संगणकी गणित करा.

आणखी दोन. जाडी मिमीमध्येच ठेवून भागली की रोध हजारपट येतो, आणि एक्सेल तोंड उघडत नाही. दुसरं, खिडकीवरचं लिंटेल टक्केवारीत धरलं असेल तर खिडकीच्या डोक्यावरच्या रेषीय उष्णता-पुलात, म्हणजे साय-व्हॅल्यूत, ते पुन्हा मोजू नका. तो साय काढताना शेजारच्या भिंतीची यू-व्हॅल्यू लिंटेलविना घेतली होती की लिंटेलसह, हे त्याच ओळीत लिहून ठेवायचं.