पीजी मालकाचा मेसेज करारनाम्याशेजारी ठेवून वाचा

बेंगळुरूत नव्याने आलेल्या मराठी मुलामुलींना पीजी मालकाकडून असा मेसेज हमखास येतो : "उद्यापासून रात्री 10 ला गेट बंद. उशीर झाल्यास 500 रुपये दंड डिपॉझिटमधून कापला जाईल. मान्य नसेल त्यांनी आजच रूम सोडावी." यातल्या तीन वाक्यांचे वजन सारखे नाही. तुमच्या करारनाम्यात गेटची वेळ साडेदहा आहे, दोन्ही बाजूंना एक महिन्याची नोटीस आहे आणि दंडाचा उल्लेखच नाही, असे धरू.

गेटची वेळ ठरवणे ही मालकाच्या व्यवस्थेतली बाब आहे. पण लिहून ठरलेली अट एकट्याने बदलता येत नाही, त्याला दोघांची संमती लागते. मात्र मेसेज वाचून गप्प राहिलात आणि पुढचे भाडे भरत राहिलात, तर तीच तुमची संमती होती असे मालक नंतर म्हणू शकतो. शिवाय नोटीस देऊन करार संपवण्याचा मार्ग त्याला मोकळा असतोच, म्हणून अर्ध्या तासासाठी किती ताणायचे हे ज्याचे त्याने ठरवावे.

दंडाचे वाक्य सर्वांत कच्चे आहे. करारात नसलेली रक्कम डिपॉझिटमधून कापण्याचा अधिकार मेसेजने निर्माण होत नाही. दंड करारात लिहिलेला असला, तरी भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 74 प्रमाणे तो आकडा ही कमाल मर्यादा असते आणि तिच्या आत वाजवी भरपाईच मिळू शकते. गेट उघडायला रखवालदाराला जादा पैसे द्यावे लागले, तर ते मागणे समजण्यासारखे आहे. पण दहा मिनिटांच्या उशिरासाठी 500 रुपये वाजवी ठरवणे मालकाला जड जाईल.

"आजच सोडा" हे बहुतेक वेळा दटावणेच असते, कारण महिन्याच्या नोटिशीची अट मालकालाही बांधते. राहण्याची परवानगी रीतसर काढून घेतली, तरी भारतीय सुविधाधिकार कायदा, 1882 च्या कलम 63 प्रमाणे जागा सोडायला आणि सामान हलवायला वाजवी मुदत मिळते.

त्यामुळे वाद न घालता त्याच दिवशी लेखी उत्तर द्यावे : "करारात वेळ साडेदहा आहे आणि दंडाची तरतूद नाही. हा बदल मला मान्य नाही. डिपॉझिटमधून काही कापायचे असल्यास करारातील कलम आणि खर्चाची पावती कळवावी." हा मजकूर आणि मूळ मेसेज तारखेसह जपून ठेवावा.

कॉलेजच्या वसतिगृहात करारनाम्याची जागा नियमपुस्तिका आणि प्रवेशावेळी सही केलेले हमीपत्र घेतात. म्हणून वॉर्डनने सांगितलेला दंड आधी तिथे शोधावा आणि भरलाच तर संस्थेची पावती घ्यावी. मुलींच्या वसतिगृहाचे दार मुलांच्या आधी बंद होत असेल आणि कारण सुरक्षेचे दिले जात असेल, तर अर्जात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या लैंगिक छळ प्रतिबंधाविषयीच्या 2015 च्या विनियमांचा उल्लेख जरूर करावा, कारण सुरक्षेच्या नावाखाली मुलींना मुलांपेक्षा वेगळे, भेदभावाचे नियम लावू नयेत असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे.