संकष्टीचा चंद्र एवढा उशिरा का उगवतो? बल्ब, चेंडू आणि महिनाभराची वही

गेल्या वर्षी माझ्या भाचीला शाळेतून महिनाभर चंद्र बघून लिहायचा प्रोजेक्ट मिळाला. रोज रात्री 8 ला गॅलरीत जायची, बघायची, लिहायची. पौर्णिमेपर्यंत मस्त चाललं आणि मग पुढचे बारा दिवस वहीत एकच ओळ, "चंद्र दिसला नाही". चंद्र होता की, फक्त ही बघायला जायची तेव्हा उगवलेला नसायचा. म्हणून आधी खोलीत बल्बला सूर्य आणि चेंडूला चंद्र समजून चेंडू फिरवून घ्या आणि मगच वही सुरू करा, म्हणजे कुठल्या दिवशी किती वाजता बघायचं हे पोरांना स्वतःलाच कळतं.

सामान फार नाही. शेड नसलेला एक साधा बल्ब (ट्यूबलाइट चालत नाही, उजेड सगळीकडून येतो), 7-8 सेंमीचा थर्माकोलचा पांढरा बॉल, तो खोचायला पेन्सिल, आणि खडू. प्लास्टिकचा चकचकीत चेंडू नको, त्यावर बल्बचा ठिपका चमकतो आणि उजेड-अंधाराची कड नीट दिसत नाही. बॉल नसेल तर मोसंबीला पांढरा कागद गुंडाळा, आम्ही तेच केलं होतं. खोली पूर्ण अंधारी करा. भिंती पांढऱ्या असतील तर चेंडूची काळी बाजूही करडी दिसते, मग मागे गडद चादर लावायची.

आता जमिनीवर खडूने साधारण 60 सेंमी त्रिज्येचं वर्तुळ काढा. बल्ब वर्तुळाच्या मध्यापासून निदान 2 मीटर लांब, मुलाच्या डोक्याच्या उंचीवर. वर्तुळावर बल्बच्या दिशेला जी खूण येते ती अमावस्या, बरोबर उलट्या बाजूची पौर्णिमा. बल्बकडे तोंड केल्यावर डाव्या हाताच्या अर्ध्या भागात 15 सारखे भाग पाडा, उजव्या हाताच्या भागात पण 15. दोन खुणांमध्ये साडेबारा सेंमी अंतर येईल. हे 30 भाग म्हणजेच आपल्या तिथ्या. सूर्य आणि चंद्र यांच्यातला कोन 12 अंशांनी वाढला की एक तिथी संपते, पंचांगातलं गणित हेच आहे. चंद्राचा वेग कमी-जास्त होत असल्यामुळे एखादी तिथी 20 तासांत संपते तर एखादी 26 तास चालते. पोरांना तिथी म्हणजे कॅलेंडरवरचा बारीक अक्षरातला शब्द वाटतो, ती जमिनीवर पावलाखाली दिसली की एकदम रस घेतात.

मुलाला मध्ये उभं करा. मुलाचं डोकं म्हणजे पृथ्वी. चेंडू हात लांब करून डोक्यापेक्षा थोडा वर धरायचा. सुरुवात अमावस्येच्या खुणेवर: चेंडू बल्बच्या अंगाला, आपल्याकडे काळी बाजू. आता डावीकडे हळूहळू वळत जायचं, चेंडू कायम नाकासमोर. तिसऱ्या-चौथ्या खुणेवर उजव्या कडेला कोर दिसायला लागते, पुढे अर्धा, मग पाठ बल्बकडे झाली की पूर्ण गोल, आणि तसंच वळत राहिलं की आता उजेड डाव्या बाजूला उरतो. प्रत्येक खुणेवर थांबून बघू द्या, घाई करू नका.

पौर्णिमेला भाची ओरडली, "मामा, सावली पडली, बघ, म्हणजे पृथ्वीच्या सावलीमुळेच चंद्र लहान होतो!" चेंडू डोक्याच्या रेषेत आला होता. तिला म्हटलं, हे ग्रहण, आता चेंडू जरा वर धर. सावली गेली. चंद्राची कक्षा साधारण 5 अंश तिरकी आहे म्हणून बहुतेक पौर्णिमांना तो सावलीच्या वरून किंवा खालून निसटतो. मग तिला चेंडू सहाव्या खुणेवर धरायला लावला आणि विचारलं, इथे चेंडूवर तुझ्या डोक्याची सावली आहे का? नाही. मग अर्धा काळा का? तिथे तिला ते कळलं.

एक गडबड मात्र होते. खोलीत चेंडू अर्धा उजळलेला दिसतो तो सहाव्या खुणेवरच, आणि आकाशात अर्धा चंद्र दिसतो सातवी-आठवीच्या सुमारास. कारण आपला बल्ब फक्त 2 मीटरवर आहे, खरा सूर्य चंद्राच्या मानाने प्रचंड लांब. बल्ब जेवढा मागे न्याल तेवढा हा फरक कमी होतो.

आता संकष्टी. पौर्णिमेनंतरची चौथी तिथी. बल्ब बरोबर उजव्या हाताला येईल असं उभं राहा: ही सूर्यास्ताची वेळ, उजवा हात पश्चिम, डावा हात पूर्व. दुसऱ्या कुणाला तरी चेंडू पौर्णिमेच्या खुणेवर धरायला सांगा, तो बरोबर डाव्या हाताच्या टोकाशी येतो, म्हणजे सूर्य मावळताना उगवतोय. चौथी तिथी तिसऱ्या आणि चौथ्या खुणेच्या मध्ये येते, म्हणून आता चेंडू पौर्णिमेच्या पुढे साडेतीन खुणा न्या. तो डाव्या खांद्यामागे गेला, क्षितिजाखाली. डावा हात त्याच्यापर्यंत न्यायला अजून साधारण 42 अंश वळावं लागतं, पृथ्वी तासाला 15 अंश फिरते, म्हणजे जवळपास पावणेतीन तास. सूर्य 6 ला मावळला तर चंद्र पावणेनऊच्या आसपास. कॅलेंडरवरची संकष्टीची चंद्रोदयाची वेळ काढून ताडून बघा, थोडा इकडे-तिकडे फरक येईल कारण चंद्र तेवढ्यात स्वतःही सरकतो आणि त्याची वाट ऋतूप्रमाणे उत्तर-दक्षिण होते.

वहीसाठी दिवाळीनंतरचा महिना बेस्ट, पावसाळ्यात नुसते ढगच लिहावे लागतात. भाऊबीजेला सुरू करा. सूर्य मावळल्यावर थोड्याच वेळात पश्चिमेला खाली बीजेची कोर शोधायची, बिल्डिंगच्या मागे गेली की तो दिवस हुकला. पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी 7 ला, एकाच जागेवरून. पौर्णिमेनंतर दोन-तीन दिवसांनी पाळी बदलायची: सकाळी साडेसहा-सात, शाळेच्या आधी. वद्य अष्टमीचा चंद्र सकाळी चांगला वर असतो, अगदी उन्हातसुद्धा दिसतो. भाचीची चूक इथेच झाली होती.

रोज एवढंच लिहायचं: तारीख, वेळ, दिशा, उंची किती मुठी, चित्र. हात लांब केल्यावर मूठ साधारण 10 अंश भरते, मुलाचा हात आखूड तशी मूठही लहान, त्यामुळे चालतं. चित्रासाठी बाटलीच्या झाकणाने 30 गोल आधीच आखून ठेवा आणि काळा भाग पेन्सिलने रंगवा. उजेड "डावीकडे-उजवीकडे" लिहू नका, आपल्याकडे चंद्र कधीकधी डोक्यावरून उत्तरेला जातो आणि मग डावं-उजवं उलटं होतं. "पश्चिमेकडची बाजू उजळ" असं लिहायचं. तिथी त्या वेळी लिहायची नाही, महिन्याच्या शेवटी कॅलेंडर बघून भरायची.

एक ओळ अशी दिसते: "संध्याकाळी 7, टाकीच्या वर, दक्षिणेकडे, 5 मुठी, अर्ध्याला थोडा कमी, पश्चिम बाजू उजळ." दुसऱ्या दिवशी त्याच वेळी चंद्र टाकीपासून एक मूठ आणि वर थोडा पूर्वेला सरकलेला असतो.

कॅलेंडर बघून उतरवलेली वही लगेच ओळखू येते. त्यात एकही ढगाळ दिवस नसतो आणि कोर कंसासारखी सरळ उभी असते. आपल्याकडे संध्याकाळची कोर तिरकी दिसते, फेब्रुवारी-मार्चमध्ये तर जवळजवळ होडीसारखी आडवी. ढग असले तर "ढग" लिहा आणि रात्री खोलीत चेंडू त्या खुणेवर धरून जे दिसेल ते तुटक रेषेने काढा.