लॅपटॉपची डिस्क भिजली? विमा कंपनीला पत्र लिहिताना या चुका टाळा

‘माझा आठ लाखांचा डेटा गेला आहे, तरी भरपाई मिळावी ही विनंती.’ हे वाक्य पत्रात दिसलं की क्लेम अडकणार, हे मला आधीच कळतं. सोलापुरात पाणी काही दिवसांआड येतं. आलं की मोटार सुरू होते, टाकी ओसंडते आणि खालच्या ऑफिसातला लॅपटॉप भिजतो. मग घाईत पत्र लिहिलं जातं आणि त्यात दरवेळी त्याच चुका असतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे डेटाची किंमत अंदाजाने ठोकून देणे. विमा कंपनी त्या डेटावर तुम्ही किती कमावलं असतं ते देत नाही. द्यायचंच झालं तर तो पुन्हा तयार करायचा खर्च देते, तोही पॉलिसीत तसं कलम असेल तरच. साध्या आगीच्या पॉलिसीत कॉम्प्युटरमधल्या नोंदी वेगळा उल्लेख केल्याशिवाय धरलेल्या नसतात. इलेक्ट्रॉनिक इक्विपमेंट पॉलिसीत मशीनचा भाग वेगळा असतो आणि डेटा मीडियाचा, म्हणजे डेटा साठवायच्या साधनांचा, वेगळा. दुसऱ्या भागाची विमा रक्कमही वेगळी असते. लॅपटॉपच्या आतली डिस्क त्या भागात बसते का, हे पॉलिसीचे शब्द वाचूनच ठरवा, एजंटच्या तोंडी आश्वासनावर नाही.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या चादरीच्या एका कारखान्याची गोष्ट सांगतो. डिझायनरच्या लॅपटॉपमध्ये जकार्डच्या ६४ डिझाइनच्या फाइली होत्या. पहिल्या पत्रात मालकांनी आठ लाख लिहिले. नुकसान तपासायला कंपनीने नेमलेल्या सर्व्हेयरने विचारलं, ‘हा आकडा कुठून आला?’ कोणाकडेच उत्तर नव्हतं आणि प्रकरण तिथेच थांबलं. ते माझ्याकडे आले तेव्हा मी आधी सगळ्या मागांचे पेनड्राइव्ह तपासायला लावले. त्यात ४१ डिझाइन जशीच्या तशी सापडली. उरली २३. ती चादरीच्या नमुन्यावरून पुन्हा काढावी लागणार होती. एका डिझाइनला साधारण ६ तास आणि डिझायनरचा दर तासाला २५० रुपये, असा हिशोब होता. दुसऱ्या पत्रात आम्ही लिहिलं:

‘एकूण ६४ फाइलींपैकी ४१ इतर ठिकाणाहून मिळाल्या. त्यांची मागणी नाही. उर्वरित २३ फाइली नमुन्यांवरून पुन्हा तयार कराव्या लागतील. २३ × ६ तास × रु. २५० = रु. ३४,५००. फाइलींची यादी, नमुन्यांचे फोटो व डिझायनरची मागील बिले सोबत जोडली आहेत.’

आठ लाखांचे साडेचौतीस हजार झाले म्हणून मालक नाराज होते. पण हा आकडा सर्व्हेयरला बिलांशी ताडून बघता आला आणि पॉलिसीतला एक्सेस, म्हणजे नुकसानातला आपणच सोसायचा ठरलेला हिस्सा, वजा जाऊन मंजूर झाला. मिळालेल्या ४१ फाइली पत्रात स्वतःहून सांगितल्या, त्याचा फार उपयोग झाला असं माझं ठाम मत आहे. त्या लपवल्या असत्या आणि नंतर उघड झाल्या असत्या, तर उरलेल्या २३ वरही कोणी विश्वास ठेवला नसता.

दुसरी चूक पत्राच्या आधीच होते. ‘चालू होतंय का बघू’ म्हणून लोक ओला लॅपटॉप सुरू करतात, हेअर ड्रायर लावतात, तांदळात ठेवतात. फिरत्या तबकड्यांच्या डिस्कला हवेसाठी बारीक छिद्र असतं. तिथून पाणी आत गेलं आणि वाळलं, की पाण्यातले क्षार तबकडीवर बसतात. मग डिस्क फिरवली तर डेटा वाचणारं हेड त्या थरावर घासतं आणि जो डेटा वाचला असता तोही जातो. माझी पद्धत अशी: वीज काढायची, अशी डिस्क बुडाली असेल तर न वाळवता बंद पिशवीत ठेवायची आणि डेटा रिकव्हरी लॅबला विचारायचं. पण लॅबला पाठवण्याआधी कंपनीला कळवून सर्व्हेयरला डिस्क दाखवा, किंवा तशी लेखी परवानगी घ्या. डिस्क दुकानदाराकडे उघडून मग फेकून दिली असेल, तर ‘पाण्याने खराब झाली’ हे सिद्ध कशाने करणार? लॅबचा ‘डेटा परत मिळत नाही, कारण पाणी’ असा लेखी अहवाल पत्राला जोडा.

पाणी कसं आलं ते नेमकं आणि खरं लिहा: तारीख, वेळ, टाकी ओसंडली की पाइप फुटला. नुसतं ‘पाण्यामुळे’ लिहिलं, तर भिंतीत बरेच दिवस मुरणारी ओल होती का, हा प्रश्न येतो. हळूहळू झालेलं नुकसान बहुतेक पॉलिसींत वगळलेलं असतं.

लॅपटॉप आणि डिस्क, दोन्हींचे सिरीयल नंबर लिहा. मशीनची रक्कम आणि डेटाची रक्कम एकाच ओळीत मिसळू नका. पत्र ईमेलने पाठवा आणि एक प्रत शाखेत देऊन पोच घ्या.

क्लेम नाकारला तर आधी कंपनीच्याच तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही, तर सोलापूरकरांना पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाता येतं. तिथे पैसे लागत नाहीत, वकीलही लागत नाही. पोच घेतलेली प्रत मात्र लागते.