चार दृश्यांचा लघुपट: स्टोरीबोर्डची तयारी

स्टोरीबोर्ड म्हणजे चित्रीकरणाआधी प्रत्येक शॉट कागदावरच्या चौकटीत काढून पाहणे. त्यासाठी पेन्सिल हाती घेण्यापूर्वी प्रत्येक दृश्यात नेमके काय बदलते, ते एका वाक्यात लिहिलेले असावे. उदाहरणादाखल एक कथा घेऊ: पहिल्या दृश्यात धाकटा भाऊ वडिलांच्या घरी येतो, दुसऱ्यात घर विकण्याच्या कागदावरून दोघा भावांचे टेबलाशी खटकते, तिसऱ्यात थोरला वडिलांच्या खोलीत एकटा बसतो आणि चौथ्यात सही होते.

चौकटी चित्रपटाच्याच प्रमाणात, म्हणजे १६:९ असतील तर ८ सेंटिमीटर रुंद आणि साडेचार सेंटिमीटर उंच आखाव्यात. अशा सहा चौकटी, खाली टिपांना जागा ठेवून, एका ए-४ कागदावर बसतात. माणसे काड्यांची चालतील, मात्र प्रत्येक डोक्याला नाक हवे, कारण पात्र कोणीकडे पाहते हे त्यावरूनच कळते.

दुसरे दृश्य सर्वांत अवघड असल्याने त्याच्या चौकटींआधी खोलीचा वरून दिसणारा नकाशा काढावा, दोघा भावांना जोडणारी रेषा आखावी आणि कॅमेऱ्याच्या सर्व जागा रेषेच्या एकाच बाजूला आहेत ना, हे पाहावे. थोरला चौकटीत डावीकडे बसून उजवीकडे पाहत असेल, तर त्याच्या क्लोजअपमध्येही तो उजवीकडेच पाहायला हवा. दोघांचे क्लोजअप शेजारी ठेवल्यावर नाके समोरासमोर न येता एकाच दिशेला वळलेली दिसली, तर एखादा कॅमेरा रेषेपलीकडे गेला आहे. पुढे थोरला उठून खिडकीशी जातो, तेव्हा रेषाही सरकते. म्हणून ती हालचाल तोडू नये, एकाच शॉटमध्ये ठेवून तिची सुरुवात आणि शेवट अशा दोन चौकटी काढाव्यात आणि नकाशा नव्याने आखावा.

कॅमेऱ्याच्या कोनाची टीप नुसती ‘लो अँगल’ अशी असू नये, कारण चित्रीकरणाच्या वेळी तिचा अर्थ प्रत्येक जण वेगळा लावतो. ‘मिड शॉट, भिंग बसलेल्या धाकट्याच्या डोळ्यांच्या उंचीवर, रोख उभ्या थोरल्याकडे’ असे लिहिले की कॅमेरा कुठे ठेवायचा आणि का, दोन्ही कळते. पात्राच्या हालचालीचा बाण चौकटीच्या आत आणि कॅमेऱ्याच्या हालचालीचा बाहेर काढावा. पहिल्या आणि चौथ्या दृश्याला थोड्या चौकटी पुरतील. तिसऱ्यासाठी चौकटभर चेहऱ्याचा क्लोजअप राखून ठेवायचा असेल, तर तो दुसऱ्यात उधळू नये, म्हणजे तिथले क्लोजअप खांद्यापर्यंतच ठेवावेत.

कागदावरचा कॅमेरा भिंतीतून सहज आरपार जातो. म्हणून चौकटी पक्क्या करण्यापूर्वी प्रत्यक्ष खोलीत जाऊन, दोघांना ठरलेल्या जागी बसवून, नकाशावरील प्रत्येक जागेवरून मोबाइलने आडवे छायाचित्र घ्यावे. पाठ भिंतीला टेकूनही लाँग शॉटमध्ये दोघे मावत नसतील, तर टेबल सरकवावे किंवा ती चौकट खोडून दाराबाहेरून दिसणारे दृश्य काढावे आणि शॉटक्रमांक नकाशावरही बदलावा.